पत्रा शेडच्या कामाचं पान लिहायला बसण्याआधी काय काय हाताशी हवं

स्लॅब गळायला लागला की त्यावर पत्र्याची शेड टाकायची, हे काम कोकणात आता गावोगाव चालतं आणि बरेच फॅब्रिकेशनवाले इंटरनेटवर स्वतःचं पान पण करून घेतायत. पण त्यात गेट, ग्रिल, जिना, रेलिंग, शेड सगळं एकत्र कोंबलेलं असतं आणि खाली एक ओळ, दरासाठी फोन करा. मग फोन येतात ते फक्त "फुटाला काय घेता" एवढं विचारायला. म्हणून पहिली तयारी म्हणजे एकच काम धरायचं, समजा घराच्या टेरेसवरची शेड, आणि एकच गिऱ्हाईक डोळ्यासमोर आणायचं. ते बहुतेक वेळा मुंबई-पुण्यातला चाकरमानी असतो, घर गावाला, घरात म्हातारे आईवडील, आणि काम पावसाआधी व्हायला हवंय. बाकी गेट-ग्रिलचं नंतर बघू.

मग मागच्या सीझनची बिलं काढा, म्हणजे कोटेशन नाही, शेवटी हातात पडलेल्या रकमेची बिलं. आणि व्हॉट्सॲपवरचं गिऱ्हाइकांशी झालेलं बोलणं, त्यात जी कामं मिळाली नाहीत ती तर आधी वाचा, कारण माणूस गप्प होण्याआधी शेवटचा जो प्रश्न विचारतो ना, तोच पानावर उत्तर मागत असतो. कुठल्या तालुक्यात खरंच जाता तेही लिहून ठेवा. रत्नागिरी, लांजा, संगमेश्वर एवढंच करत असाल तर "संपूर्ण कोकण" लिहून उपयोग नाही, दापोलीहून फोन येणार आणि तुम्ही नाही म्हणणार.

कामाच्या पायऱ्या लिहिताना प्रत्येक पायरीला तीन गोष्टी हव्यात, तुम्ही काय करणार, गिऱ्हाइकाने काय करायचं आणि किती दिवस. फोनवर टेरेसचे फोटो मागवणं, मग येऊन माप घेणं, लेखी कोटेशन, ॲडव्हान्स, वर्कशॉपमध्ये पाइप कापून प्रायमर मारणं, जागेवर उभारणी आणि शेवटी पाइपने पाणी मारून तपासणी. यातली पाणी मारायची पायरी बहुतेकजण लिहीतच नाहीत, आणि खरं तर बाहेरगावी बसलेल्या माणसाला तीच सगळ्यात जास्त धीर देते. माप घ्यायच्या दिवशी घरी कोणीतरी हवं, टाकी आणि सोलर पॅनल हलवायचं कोणी, लाइट कोणाची वापरणार, हे पण तिथेच लिहून टाका, नाहीतर कामाच्या दिवशी यावरूनच वाजतं.

आता दर. इथे घाई करू नका. बिलातली रक्कम पत्र्याच्या चौरस फुटांनी भागा, प्रत्येक कामाचा फुटाचा दर निघेल, फार वेगळी असलेली एक-दोन कामं बाजूला ठेवा आणि उरलेल्यातला खालचा आणि वरचा आकडा घ्या. समजा तो 220 ते 300 रुपये आला. पण नुसता एवढा आकडा टाकलात तर भांडण ठरलेलं, कारण गिऱ्हाईक स्लॅबचे फूट मोजतं आणि तुम्ही पत्र्याचे. स्लॅब 30 बाय 25 चा, म्हणजे 750 फूट, त्याने घरी बसून 220 ने गुणलं आणि 1,65,000 धरून ठेवले. प्रत्यक्षात झड आत येऊ नये म्हणून पत्रा चारी बाजूंनी 2 फूट बाहेर काढावा लागतो, म्हणजे झाले 34 बाय 29, आणि मोभ कडेपेक्षा 4 फूट उंच धरला तर एकेक पाखं साडेचौदाऐवजी 15 फुटांच्या थोडं वर जातं. दोन्ही पाखी मिळून पत्रा भरतो साधारण 1,023 फूट. म्हणजे खालच्या दराने पण 2,25,000 आणि वरच्या दराने 3,07,000 च्या आसपास. साठ हजारांचा फरक फसवणुकीचा नाही, मापाचा आहे, पण गिऱ्हाइकाला तो कोटेशनमध्ये पहिल्यांदा दिसला की ते काम गेलंच समजा. म्हणून हे गणित असंच्या असं पानावर मांडा, घराचा साधा स्केच काढून.

त्याच्याखाली दर कशाने वर जातो ते लिहा, पत्र्याची जाडी, पाइपची जाडी, शेडची उंची, गाडी घरापर्यंत जाते की सामान डोक्यावरून न्यावं लागतं. आणि काय धरलेलं नाही ते, पन्हळ, बाजूची जाळी, जुनं काढायची मजुरी, जीएसटी. लोखंडाचा भाव हलत असतो म्हणून दर कोणत्या महिन्यातले ते हवंच, आणि कोटेशन किती दिवस चालेल तेही.

पुढे गिऱ्हाइकांच्या शंका, आणि त्या त्यांच्याच भाषेत लिहा. "गावातला वेल्डर स्वस्तात करतो." त्याला वाईट म्हणू नका, तो करतही असेल चांगलं. गिऱ्हाइकाला एवढंच सांगा की दोन्ही कोटेशनमध्ये पत्र्याची जाडी, पाइपची जाडी आणि फूट स्लॅबचे की पत्र्याचे हे लेखी घ्या आणि मग ताडून बघा. "स्लॅबला भोकं पाडणार, मग गळती वाढणार नाही का?" ही शंका रास्त आहे, तेव्हा बेस प्लेट कुठे बसवता (खाली कॉलम किंवा बीम असेल तिथेच), बोल्टच्या भोवती काय भरता, हे एका जवळून काढलेल्या फोटोसकट दाखवा. एक चांगला फोटो इथे दहा ओळींचं काम करतो.

"वादळात उडेल का?" 3 जून 2020 ला निसर्ग आलं, पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते, त्यानंतर हा प्रश्न इकडे येतोच. इथे "उडणारच नाही" असं लिहायचा मोह टाळा, वाचणाऱ्याने उडालेले पत्रे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेत. वारा उघड्या बाजूने आत शिरून पत्रा खालून उचलतो आणि पहिल्यांदा कडा आणि मोभ सुटतात, म्हणून तिथे स्क्रू जवळजवळ मारतो, हे सांगा, आणि वादळाच्या नुकसानीची गॅरंटी देत नाही हेही सरळ लिहा. गंजाचं तसंच. पत्र्याच्या कंपनीचा वॉरंटीचा कागद आधी स्वतः वाचा, समुद्रापासून अमुक अंतराच्या आतली घरं त्यातून वगळलेली असू शकतात, आणि तुमची निम्मी कामं खाडीच्या किंवा किनाऱ्याच्या कडेलाच असतील तर "इतक्या वर्षांची वॉरंटी" हे मोठ्या अक्षरात छापणं अंगाशी येईल. वेल्डिंगच्या आणि कापलेल्या जागा आधी गंजतात, तिथे पुन्हा रंग किती वर्षांनी मारावा लागेल ते तुमच्या जुन्या शेड बघून सांगा.

"आम्ही मुंबईत, काम कोण बघणार?" याला उत्तर म्हणजे पैसे टप्प्याने आणि प्रत्येक टप्प्याला फोटो. शेवटचा हप्ता पाणी मारल्याचा व्हिडिओ बघितल्यावर, असं लिहायची तयारी असेल तरच लिहा हं. ग्रामपंचायतीची परवानगी तुम्ही काढून देत नसाल तर तेही, एका ओळीत.

बारीकसारीक बाकी, दर फोटोत टाकू नका, मजकुरातच लिहा, म्हणजे शोधताना सापडतो. फोटोंची साइज कमी करा, गावात रेंज कशी असते माहितीये. आणि बुकिंग कधी बंद होतं ती तारीख एकदम वर, कारण मे मध्ये फोन करणाऱ्याला जूनच्या आधी शेड हवी असते, तेव्हा तुमची माणसं आधीच दुसऱ्याच्या टेरेसवर असतात. लिहून झालं की नात्यातल्या एखाद्याला, ज्याला यातलं काही कळत नाही अशाला, पान मोबाइलवर द्या आणि विचारा तुझ्या घराला किती खर्च येईल. त्याने अंदाज सांगितला आणि तो तुमच्या कोटेशनच्या जवळपास निघाला तर पान चढवा, नाहीतर दराचा भाग परत लिहा.