टॅरोमध्ये सिक्स ऑफ पेंटॅकल्स आलं, तर दोघांत उभं कोण आणि गुडघ्यावर कोण?

नात्याच्या रीडिंगमध्ये हे कार्ड आलं की बरेच जण ‘वा, पार्टनर दिलदार आहे’ म्हणून मोकळे होतात. पण 1909 च्या रायडर-वेट डेकचं चित्र नीट बघा. एक सावकारासारखा माणूस उभा, एका हातात तराजू, दुसऱ्या हाताने नाणी टाकतोय, आणि खाली दोघं गुडघ्यावर. किती द्यायचं, कधी द्यायचं, सगळं उभा असलेलाच ठरवतो, आणि तिथंच खरी गोची असते.

मी तीन पत्ते काढते: डावीकडे विचारणारा, उजवीकडे पार्टनर, मध्ये दोघांतला व्यवहार. सिक्स मधल्या जागी आलं की लगेच अर्थ सांगायचा नाही, आधी विचारायचं, या चित्रात तुम्ही कोण? जवळजवळ प्रत्येक जण स्वतःला देणारा समजतो, त्यामुळं हे उत्तर धरून बसू नका, मागच्या पंधरा दिवसांतला एक खरा प्रसंग मागा, कुणी काय मागितलं, कुणी काय दिलं, आणि देताना काय बोललं.

मागे सोलापुरात सात रस्त्याजवळ राहणारी एक मैत्रीण आली, शिवणकाम करते, नवऱ्याचं टॉवेलच्या कारखान्यातलं काम कमी झालेलं. म्हणाली, सगळं मीच करते ओ. डावीकडे तिला टेन ऑफ वाँड्स, म्हणजे ओझ्यानं वाकलेला माणूस, तर ती थकलीये हे खोटं नव्हतंच. उजवीकडे फोर ऑफ कप्स, हाताची घडी घालून बसलेला, समोर आलेला प्याला न घेणारा. प्रसंग विचारला तर निघालं की तो पेट्रोलला दोनशे रुपये मागतो, ती देते, आणि त्याच्यासमोरच डायरीत लिहिते.

मग बोट तराजूवर ठेवायचं: हिशोब कुणाच्या हातात? इथं तिच्याच. तो घेतोय, पण मिंधा होऊन, म्हणून ती प्रेमाने करते तेही त्याला नको वाटतं. आता दुसरा भिकारी बघा, ज्याच्या हातात नाणी पडत नाहीत, हा पत्ता लोक हमखास अर्धाच वाचतात. त्याच्या जागी कुणाची कुठली गरज थांबलीये ते विचारा. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, मला कुणी म्हणत नाही की आज मशीन बंद ठेव, भाकरी मी बघतो.

कार्ड उलटं आलं तर देण्यात अट किंवा असूया आहे का ते तपासते. पण दोष कुणाचा हे यावरून सांगू नका, समोर एकाचीच बाजू असते. आणि पैसे अडवून धाक दाखवणं, मारहाण असं काही निघालं तर पत्ते बाजूला ठेवून सरळ मदत घ्यायला सांगायचं.

तिनं एवढंच बदललं की पेट्रोलचे पैसे आता शेंगा चटणीच्या बरणीमागं असतात, ज्याला लागतील त्यानं घ्यायचे. डायरी मात्र अजून तिच्याकडेच आहे.