ब्रिटनचा हेल्थ सरचार्ज: व्हिसाआधी भरायचा, पोचल्यावर वापरात आणायचा

एनएचएस ही ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा वापरता यावी म्हणून व्हिसाच्या अर्जाबरोबर हेल्थ सरचार्ज भरावा लागतो. म्हापशाहून वर्षाच्या मास्टर्ससाठी इंग्लंडला निघालेल्यांचा हिशेब बहुतेक वेळा इथेच चुकतो: विद्यार्थ्यांचा दर वर्षाला 776 पौंड, कोर्स एका वर्षाचा, म्हणजे 776 भरायचे. पण सरचार्ज कोर्सवर नाही, व्हिसाच्या मुदतीवर लागतो.

समजा कोर्स 15 सप्टेंबर 2025 ते 30 सप्टेंबर 2026 आहे. बारा महिन्यांच्या किंवा मोठ्या कोर्सला आधी एक आणि नंतर चार महिने जोडून मिळतात, म्हणजे व्हिसा साधारण साडेसतरा महिन्यांचा. पहिल्या वर्षाचे 776. वरचे साडेपाच महिने सहाच्या आत, म्हणून अर्धे, 388. एकूण 1164. हाच कोर्स ऑक्टोबरअखेर संपला तर मुदत अठरा महिन्यांपुढे जाते आणि दुसरं वर्ष पूर्ण धरतात: 1552. म्हणून ऑफर लेटरवर न जाता कॅसमधली, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या प्रवेशाच्या दाखल्यातली, कोर्सची शेवटची तारीख बघा. रक्कम अर्जाच्या वेळीच एकरकमी जाते, हप्ते नाहीत, त्यामुळे कार्डाची परदेशी व्यवहारांची मर्यादा आधीच वाढवून ठेवा.

आपल्याकडे एक समज पक्का आहे: पोर्तुगीज पासपोर्ट असला की सरचार्ज नाही. 2021 पासून त्यालाही स्टुडंट व्हिसा लागतो आणि त्याबरोबर सरचार्जही. ईयू सेटलमेंट स्कीममध्ये बसणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

पैसे भरले म्हणून कुठला डॉक्टर आपोआप मिळत नाही, कार्डही येत नाही. पोचल्यावर, आजारी पडायच्या आधी, घराजवळच्या जीपी सर्जरीत, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, नाव घाला. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन होतं, नाहीतर GMS1 हा कागदी फॉर्म. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. वडिलांचं नाव एकीकडे घातलं आणि दुसरीकडे गाळलं की नोंदी जुळत नाहीत. ब्रिटनमध्ये राहायला आल्याची तारीखही विचारतात. शेवटच्या पुरवणी प्रश्नात तीन पर्याय असतात. हॉस्पिटलच्या खर्चातून वैध सूट आहे असं सांगणाऱ्या पर्यायावर खूण करा, त्यात सरचार्जचा उल्लेखच आहे. घाईत ‘माहीत नाही’वर खूण केली तर पुढे हॉस्पिटल खर्चाची चौकशी करत बसेल.

रिसेप्शनवर वीजबिल किंवा भाडेकरार मागतील. इंग्लंडमध्ये नोंदणीसाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही. तेवढ्यावर नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. पत्ता मात्र खरा द्या, कारण एनएचएस नंबरचं पत्र तिथेच येतं. पहिले पंधरा दिवस मावशीकडे काढून मग खोलीवर गेलात तर सर्जरीला नवा पत्ता कळवा. खोली त्यांच्या हद्दीबाहेर असेल तर नवी सर्जरी शोधावी लागू शकते.

जीपी आणि हॉस्पिटल फुकट, तरी इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे 9.90 पौंड मोजावे लागतात. दात आणि चष्म्याचा खर्च वेगळा, तेव्हा दाढ दुखत असेल तर ती गोव्यातच दाखवून निघा.