इंदूरला नव्यानं आलेल्या डॉक्टरांसाठी: वरिष्ठांच्या औषधाशी असहमती ईमेलनं कशी कळवावी

पुण्या-नागपूरहून इंदूरच्या रुग्णालयात रुजू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत एक प्रसंग बहुतेकांवर येतो. इथल्या एखाद्या जुन्या, नावाजलेल्या फिजिशियनचा पेशंट तुमच्या ओपीडीत येतो आणि चिठ्ठीवरचं औषध तुम्हाला पटत नाही. तिथून पुढे काय करायचं, ते एकाच उदाहरणावर सविस्तर पाहू.

पेशंट 71 वर्षांच्या बाई, धारहून येणाऱ्या. ब्लड प्रेशर आहे, मधुमेह आहे, ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन. फिजिशियननी ऍस्पिरिन 75 मिलिग्रॅम दिलंय आणि शेरा लिहिलाय: ‘मागच्या वर्षी पडल्या होत्या, हिमोग्लोबिन 10.2, ब्लड थिनर नको.’ तुमच्या मते एपिक्साबॅन हवं. वयाचा एक, ब्लड प्रेशरचा एक, मधुमेहाचा एक आणि स्त्री म्हणून एक, असा चाड्स-व्हास्क स्कोर 4 होतो. स्त्री असल्याचा गुण सोडला तरी 3 उरतात.

आधी हे ईमेलचं काम आहे का ते ठरवा. बाईंना गेल्या आठवड्यात दहा मिनिटं हात लुळा पडून पुन्हा बरा झाला असेल, तर त्याच दिवशी फोन करा. तसं काही नसेल तर दोन-चार दिवसांनी मोठा फरक पडत नाही. मग ईमेल बरा, कारण समोरच्याला फाइल काढून सवडीनं विचार करता येतो आणि चार लोकांसमोर लगेच उत्तर द्यावं लागत नाही.

दुसरं, तुम्हीच चुकत नाही ना, हे पाठवण्याआधी तपासा. इको बघा. आपल्याकडे संधिवाताच्या तापानं झडप आकसलेले पेशंट अजून पुष्कळ दिसतात. मध्यम किंवा तीव्र मायट्रल स्टेनोसिस असेल तर एपिक्साबॅनचा मुद्दाच निघत नाही. तिथे वॉरफेरिनच द्यावं लागतं. अशा पेशंटांत रिव्हरॉक्साबॅनपेक्षा वॉरफेरिनच सरस ठरलं, हे 2022 साली इनव्हिक्टस चाचणीत दिसलं आहे. इको न बघता ईमेल गेला आणि उत्तरात ‘स्टेनोसिस आहे’ असं आलं, तर पुढचे तुमचे दहा ईमेल कोणी गंभीरपणे वाचणार नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. उत्तर येईपर्यंत चिठ्ठी बदलू नका आणि बाईंना ‘हे औषध चुकीचं आहे’ असंही सांगू नका. इथं घरची मंडळी सगळ्या चिठ्ठ्या एकाच पिशवीत ठेवतात. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या झाल्या की दोन्हींवरच्या गोळ्या सुरू राहतात. ऍस्पिरिन आणि एपिक्साबॅन एकत्र, वर हिमोग्लोबिन 10.2: ज्या रक्तस्रावाची त्या फिजिशियनना भीती होती तोच तुम्ही घडवून आणाल.

आता मजकूर. समोरचे तीन पिढ्या इंदुरात असलेले मराठी असले तरी पहिला ईमेल इंग्रजीतच लिहा, कारण तो पुढे मराठी न येणाऱ्या सहकाऱ्याकडे जाऊ शकतो. समोरासमोर किंवा फोनवर मात्र मराठीत ‘सर, आपण’ म्हणा. इथल्या मराठीवर हिंदीतल्या ‘आप’ची सावली आहे आणि वरिष्ठांना पुण्याचं सरळ ‘तुम्ही’ कधी कधी रुक्ष वाटतं. विषयाच्या ओळीत पेशंटचं नाव नको, ओपीडी क्रमांक पुरे. विभागप्रमुखांना प्रत पाठवू नका. तशी प्रत पाहिली की समोरच्याला ती तक्रार वाटते. इंग्रजीत लिहायच्या मजकुराचा आराखडा मराठीत असा:

‘सर, नमस्कार. आपल्या धारच्या पेशंट (ओपीडी क्रमांक वर दिला आहे) आज माझ्याकडे आल्या होत्या. पडण्याचा इतिहास आणि हिमोग्लोबिन 10.2 लक्षात घेऊन आपण ऍस्पिरिन ठेवलं आहे, हे शेऱ्यावरून समजलं. त्यांचा चाड्स-व्हास्क 4 येतो. इकोमध्ये मायट्रल स्टेनोसिस नाही. क्रिएटिनिन 0.9, वजन 58 किलो. एपिक्साबॅन 5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू करून ऍस्पिरिन बंद करावं का, असा विचार मनात आला. ऍव्हरॉस चाचणीत पक्षाघात आणि एम्बोलिझमचं प्रमाण ऍस्पिरिनवर वर्षाला 3.7 टक्के, तर एपिक्साबॅनवर 1.6 टक्के होतं. मोठ्या रक्तस्रावात फारसा फरक नव्हता. हिमोग्लोबिनचं कारण मात्र आधी शोधायला हवं, म्हणून फेरिटिन आणि स्टूल ऑकल्ट ब्लड मागवलं आहे. त्यात रक्तस्राव दिसला तर मी थांबायच्याच बाजूचा आहे. माझ्याकडे नसलेली काही माहिती आपल्याकडे आहे का? तोवर औषधात मी बदल केलेला नाही.’

यात त्यांचं कारण त्यांच्याच शब्दांत आधी आलं आहे आणि त्याच्या मागे ‘पण’ नाही. ‘आपला निर्णय योग्यच आहे, पण...’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त ‘पण’ राहतो. पूर्णविराम द्या आणि पुढचं वाक्य आकड्यानं सुरू करा. ‘कदाचित’, ‘बहुधा’, ‘असं वाटतं’ हे तिन्ही एका ईमेलात नकोत, नाहीतर तुम्हाला नेमकं काय हवंय हेच कळत नाही. आपलं मत कशानं बदलेल हेही स्पष्ट लिहा. मग समोरच्याला हरल्यासारखं न वाटता उत्तर देता येतं.

डोसचा हिशेबही तयार ठेवा. ‘वजन कमी आहे, 2.5 मिलिग्रॅम द्या’ असं उत्तर हमखास येतं. डोस कमी करायला वय 80 किंवा अधिक, वजन 60 किलो किंवा कमी, क्रिएटिनिन 1.5 किंवा अधिक, यांपैकी दोन गोष्टी लागतात. या बाईंना फक्त वजनाची अट लागू होते, म्हणून पूर्ण डोस. हे पहिल्या ईमेलात लिहू नका. विचारलं तर एका ओळीत सांगा.

एक आकडा मात्र वापरूच नका. पडण्याच्या भीतीनं रक्त पातळ करणारं औषध टाळण्यावर 1999 च्या एका गणिती अभ्यासाचा दाखला सर्रास दिला जातो: वॉरफेरिनचा फायदा पुसला जायला वर्षाला सुमारे 295 वेळा पडावं लागेल. हा आकडा ऐकला की वाद संपतो, पण ज्यांनी त्या बाईंना पडल्यावर टाके घातले असतील त्यांना तो खिजवल्यासारखा लागतो. शिवाय तो मॉडेलमधून आला आहे, प्रत्यक्ष पेशंट मोजून नव्हे.

दोन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर दुसरा ईमेल नको. ओपीडी संपायच्या सुमारास फोन करा आणि ‘सर, त्या धारच्या बाईंबद्दल दोन मिनिटं मिळतील का?’ एवढंच विचारा. त्यांनी कारण देऊन नकार दिला, तर ते कारण तारखेसह फाइलमध्ये नोंदवा. कारण पटलं नाही तर दोघांच्या संमतीनं कार्डिओलॉजिस्टचं मत मागवा. ‘आपण दोघं मिळून विचारू या का?’ हा प्रश्न इथं सहसा नाकारला जात नाही.

होकार आला, तर नवी चिठ्ठी त्यांनाच लिहू द्या. तिच्यावर ‘ऍस्पिरिन बंद’ हे शब्द हिंदीतही मोठ्या अक्षरांत असावेत. घरच्यांना जुनी पट्टी सोबत आणायला सांगून ती तिथंच काढून घ्या. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन करा आणि आकडा वर असो वा खाली, दोन ओळींत त्यांना कळवा.