बोट जाऊन परत येते तेव्हा : माझे दोन गुण कुठे गेले

एका भरतीत मी दीड गुणाने बाहेर राहिले. उत्तरतालिका आली तेव्हा रात्री अभ्यासिकेत बसून एकेक प्रश्न ताडून पाहिला. ज्यांच्याबद्दल धाकधूक होती ते बहुतेक बरोबर निघाले. चुकला तो बोट आणि प्रवाहाचा प्रश्न, जो मी वीस सेकंदांत सोडवून पुढे गेले होते. ते अजून सलतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

साधारण असा प्रश्न होता. संथ पाण्यात बोटीचा वेग ताशी १२ किमी, प्रवाहाचा वेग ताशी ४ किमी. नदीकाठच्या २४ किमीवरच्या गावी जाऊन परत यायला एकूण किती वेळ लागेल?

प्रवाहाच्या दिशेने १६, विरुद्ध दिशेने ८, हे तुम्हाला येतंच. मलाही येत होतं. मी काय केलं, तर १६ आणि ८ ची सरासरी काढली. ती आली १२. एकूण अंतर ४८, भागिले १२, उत्तर ४ तास. पर्यायांत ४ तास होतेच. असतातच. पेपर काढणाऱ्याला आपण कुठे घसरणार हे आधीच माहीत असतं, त्यामुळे उत्तर पर्यायात सापडलं म्हणून ते बरोबर आहे असं कधीही समजू नका.

ही चूक मुळात का होते, हे कळायला मला बराच वेळ लागला. आपण एक सूत्र पाठ केलेलं असतं : दोन्ही दिशांच्या वेगांची बेरीज करून निम्मी केली की संथ पाण्यातला वेग मिळतो. हे सूत्र शंभर टक्के खरं आहे. पण त्यातून मिळतो तो बोटीचा स्वतःचा वेग. तो संपूर्ण प्रवासाचा सरासरी वेग नाही. घाईत दोन्ही १२ एकच वाटतात. त्यात मनाची समजूतही पक्की असते, की जाताना प्रवाहाने जेवढं दिलं तेवढंच येताना काढून घेतलं, म्हणजे फिटंफाट झाली.

आमच्या क्लासमध्ये या धड्याला अर्धा तास मिळाला होता. फळ्यावर चार सूत्रं, त्यांची आद्याक्षरं जोडून एक शब्द, आणि पुढचा धडा. आद्याक्षरं लक्षात राहतात, पण कुठलं सूत्र कधी वापरायचं ते राहत नाही. मला जे समजलं ते अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या एका ताईमुळे. तिने सूत्र सांगितलंच नाही. एवढंच विचारलं, "प्रवाहाने तुला किती तास मदत केली आणि किती तास अडवलं?"

मी मांडून पाहिलं. जाताना २४ भागिले १६, म्हणजे दीड तास. येताना २४ भागिले ८, म्हणजे ३ तास. प्रवाह ताशी ४ किमीने दीड तास मदत करत होता, म्हणजे ६ किमी फुकट मिळाले. पण त्याच ताशी ४ किमीने तो ३ तास मागे ओढत होता, म्हणजे १२ किमी गेले. फिटंफाट कुठे झाली? ६ किमीचा तोटा राहिला. हे ६ किमी बोटीला स्वतःच्या ताशी १२ च्या वेगाने भरून काढावे लागतात, त्याला लागतो अर्धा तास. साचलेल्या पाण्यात लागले असते ते ४ तास, अधिक हा अर्धा. एकूण साडेचार.

हा अर्धा तास नीट समजून घ्या. प्रवाहाचा वेग दोन्हीकडे सारखाच असतो, पण विरुद्ध दिशेला आपण त्याच्या तावडीत जास्त वेळ असतो. त्यामुळे जाऊन-येऊनच्या प्रवासात वाहतं पाणी नेहमी तोट्याचंच ठरतं, आणि हा तोटा प्रवाहाच्या वेगाबरोबर सरळ प्रमाणात वाढत नाही, एकदम उसळतो. वरच्याच गणितात प्रवाह ताशी ६ केला तर ५ तास २० मिनिटं लागतात. ८ केला तर ७ तास १२ मिनिटं. १२ केला तर बोट परत येतच नाही, खालच्या गावीच जागेवर वल्ही मारत राहील.

सरासरीची पद्धत मात्र सगळीकडे चूक नसते. प्रश्नात "२ तास प्रवाहाच्या दिशेने आणि २ तास विरुद्ध दिशेने" असं असेल, तर वेळ समान आहे आणि तिथे सरासरी १२ अगदी बरोबर. पण मग अंतरं बघा : खाली ३२ किमी, वर फक्त १६. बोट निघाली तिथे परतलेलीच नाही. म्हणून आधी शोधायचं ते एवढंच, की समान काय दिलंय, अंतर की वेळ. मी आजही पेपरात त्या शब्दाखाली रेघ मारते.

शॉर्टकटच्या मी विरोधात नाही. समजून घेतलेला एक तरी हवाच. मी वापरते तो असा : प्रवाह बोटीच्या वेगाचा कितवा भाग आहे ते पाहायचं, त्याचा वर्ग करायचा, तो १ मधून वजा करायचा आणि संथ पाण्यातल्या वेळेला त्याने भागायचं. इथे ४ म्हणजे १२ चा एक तृतीयांश. वर्ग १/९. उरले ८/९. चार तासांना ८/९ ने भागलं की साडेचार. प्रवाह बोटीच्या निम्मा असेल तर वेळ नेहमी ४/३ पट होते, अंतर कितीही असो.

उलटा प्रश्न आला तरी घाबरू नका. एकूण वेळ साडेचार तास दिला आणि प्रवाह विचारला, तर वर्गसमीकरण मांडत बसू नका. ४ भागिले साडेचार म्हणजे ८/९. तो १ पेक्षा १/९ ने कमी. १/९ चं वर्गमूळ १/३, आणि १२ चा तिसरा हिस्सा ४. झालं. आकडे इतके सरळ नसतील तर पर्यायांतला एकेक वेग टाकून बघा, त्यात कमीपणा नाही.

कृष्णाकाठच्या मुलांना एक सांगायला हवं, कारण मीही त्यातलीच. माझे मामा होडी चालवायचे. खाली जाताना ते होडी मधल्या धारेत घालत, आणि वर येताना काठाला इतकी चिकटवत की वल्ह्याला गवत लागायचं. मी विचारलं तर म्हणाले, "मधी पाणी पळतंय गं, काठाला दमानं असतंय." म्हणजे खऱ्या नदीत जातानाचा आणि येतानाचा प्रवाह एकच नसतो, नावाडी तो निवडतो. पेपरातल्या नदीला काठ नसतो, तिथे प्रवाह सगळीकडे सारखाच धरायचा. मात्र प्रश्नातच "परत येताना प्रवाहाचा वेग ताशी ३ किमी झाला" असं दिलं असेल, तर माझा वर्गाचा शॉर्टकट चालणार नाही. दोन्ही वेळा वेगवेगळ्या काढायच्या आणि बेरीज करायची. वरच्या गणितात तसं झालं तर येतानाचा वेग ९, वेळ २ तास ४० मिनिटं, आणि जातानाचा दीड तास धरून एकूण ४ तास १० मिनिटं.