मुलांची फॅमिली पेन्शन: पंचवीस वर्षे कोणत्या तारखेला मोजायची

आई-वडील दोघेही गेल्यावर घरात पेन्शनचा विषय निघतो, आणि कोणीतरी जाणकार लगेच सांगून टाकतो, ‘थोरलीला पंचवीस होऊन गेली, आता काही मिळायचं नाही.’ या एका वाक्यामुळे हक्काची पेन्शन सोडून दिलेली घरे मी पाहिली आहेत. केंद्र सरकारच्या कार्यालयात पेन्शनच्या फायली हाताळण्यात माझी बरीच वर्षे गेली. निवृत्तीनंतरही ओळखीच्या लोकांचे अर्ज भरून देतो. म्हणून वयाची अट नेमकी कशी मोजतात ते इथे नीट मांडतो.

आधी कक्षा स्पष्ट करतो. हे सगळे केंद्र सरकारच्या नागरी कर्मचाऱ्यांच्या जुन्या पेन्शनचे आहे, म्हणजे मुख्यतः ३१ डिसेंबर २००३ पर्यंत नोकरीला लागलेल्यांचे. महाराष्ट्र शासनाचे पेन्शन नियम वेगळे आहेत, त्यांना हा हिशेब लावू नका. खासगी नोकरीतल्या ईपीएस-९५ या पेन्शन योजनेतही मुलांसाठी २५ वर्षांचीच मर्यादा आहे, पण तिथे विधवेच्या पेन्शनबरोबरच एका वेळी दोन मुलांना रक्कम मिळते. केंद्राच्या पेन्शनमध्ये तसे नसते. तिथे आधी हयात पती किंवा पत्नी आणि त्यानंतर मुले, तीही एकामागून एक.

सुरुवातीला एका कोऱ्या कागदावर तारखा लिहून काढा. आई-वडिलांच्या मृत्यूच्या तारखा, प्रत्येक अपत्याची जन्मतारीख, लग्नाची तारीख, नोकरी लागल्याची तारीख. जन्मतारखेला पुरावा म्हणून जन्माचा दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालतो, पण दोन्हींत एकच तारीख आहे ना, हे आधी पाहा. आपल्याकडे गुरुजींनी १ जून लिहून टाकलेल्या तारखा अजून सापडतात. वडिलांनी कार्यालयात दिलेल्या कुटुंबाच्या तपशिलात वेगळी तारीख असेल, तर फाइल तिथेच अडते. ती दुरुस्ती अर्जाच्या आधी करून घ्या.

मग प्रत्येकाची पंचविशी काढा. नियमात ‘२५ वर्षांपेक्षा कमी वय’ असे आहे. जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरला जातो, त्यामुळे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी वय पूर्ण होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये एका भरतीच्या प्रकरणात हेच सांगितले होते. २ जानेवारी १९५६ ला जन्मलेल्या उमेदवाराची २८ वर्षे १ जानेवारी १९८४ लाच पूर्ण झाली, असे धरले गेले. तेव्हा ३ मार्च १९९७ चा जन्म असेल, तर पेन्शनचा शेवटचा दिवस २ मार्च २०२२. २९ फेब्रुवारी २००० चा असेल, तर २८ फेब्रुवारी २०२५. पंचविसाव्या वर्षाचा महिना किंवा आर्थिक वर्ष संपेपर्यंत पेन्शन चालू राहते, ही समजूत चुकीची आहे. बँकेने पुढचे पैसे भरले, तर ते नंतर वसूल होतात.

मुलासाठी हे सरळ आहे. पंचवीस वर्षे, लग्न किंवा कमाई, यांतले जे आधी येईल तिथे त्याची पेन्शन थांबते. कमाईची मर्यादा दरमहा ९,००० रुपये अधिक त्यावरची महागाई सवलत. ही सवलत जानेवारी आणि जुलैपासून बदलते, म्हणून मर्यादाही बदलत राहते. १ जुलै २०२५ पासूनच्या ५८ टक्क्यांनी मोजली, तर ती १४,२२० रुपये होते. तेवढी किंवा त्याहून जास्त कमाई असेल, तर अपत्य अवलंबून मानले जात नाही.

खरी गुंतागुंत मुलींच्या बाबतीत आहे, आणि मी स्वतःही सुरुवातीला इथेच चुकलो होतो. अविवाहित, विधवा किंवा घटस्फोटित मुलीला पंचविशीनंतरही पेन्शन मिळू शकते आणि तिला वयाची वरची मर्यादा नाही. पण तिचा नंबर शेवटी येतो. आधी पंचविशीच्या आतली सगळी मुले-मुली, जन्माच्या क्रमाने. त्यांच्यापैकी कोणी पात्र उरले नाही आणि पेन्शन घेणारे दिव्यांग अपत्यही घरात नसेल, तरच पंचविशी ओलांडलेल्या मुलींची रांग सुरू होते. ही दुसरी रांग नव्याने लागते आणि तीही जन्माच्या क्रमानेच.

मी तेव्हा एकच तारीख पाहत असे, आईच्या मृत्यूची. त्या दिवशी मुलीचे वय पंचविशीच्या पुढे, म्हणजे विषय संपला, असे मी एका कुटुंबाला सांगितले होते. ते लोक दोन वर्षे गप्प बसले. पुढे ११ सप्टेंबर २०१३ चा पेन्शन विभागाचा खुलासा हातात आला आणि माझी चूक कळली. त्या खुलाशाप्रमाणे तपासायच्या तारखा दोन. पहिली, आई-वडिलांपैकी जे नंतर गेले त्यांच्या मृत्यूची. त्या दिवशी अपत्य अवलंबून असले पाहिजे आणि बाकीच्या अटीही पूर्ण झाल्या पाहिजेत. दुसरी, त्याचा नंबर लागतो त्या दिवसाची. त्याही दिवशी ते पात्र असले पाहिजे. अविवाहित मुलीच्या बाबतीत या दोन्ही तारखांना पाहायचे ते तिचे लग्न आणि उत्पन्न. तिचे वय पंचविशीच्या आत आहे की पुढे, यावर फक्त ती कोणत्या रांगेत उभी आहे एवढेच ठरते.

एक हिशेब करून दाखवतो. वडील पेन्शनर, २०१४ मध्ये गेले. आईला फॅमिली पेन्शन मिळत होती, ती १० जून २०१९ ला गेली. मुले तीन: थोरली मुलगी, जन्म १४ ऑगस्ट १९९३; मुलगा, जन्म ३ मार्च १९९७; धाकटी, जन्म २१ नोव्हेंबर १९९९. तिघेही अविवाहित. थोरली एका क्लासमध्ये शिकवून महिना ६,००० रुपये मिळवत होती.

आई गेली त्या दिवशी थोरलीला पंचवीस पूर्ण होऊन जवळपास दहा महिने झाले होते, म्हणून ती पहिल्या रांगेत नाही. मुलगा बावीस वर्षांचा, धाकटी एकोणीस. ११ जून २०१९ पासून मुलाला पेन्शन सुरू झाली. वयाप्रमाणे ती २ मार्च २०२२ पर्यंत चालली असती, पण १ सप्टेंबर २०२१ ला त्याला १८,००० रुपयांची नोकरी लागली. म्हणून त्याची पेन्शन ३१ ऑगस्टला थांबली आणि दुसऱ्या दिवसापासून धाकटीची सुरू झाली. धाकटीची पंचविशी २० नोव्हेंबर २०२४ ला पूर्ण झाली.

इथे घरोघरी एकच चूक होते. धाकटी अविवाहित आहे, कमाई नाही, मुलींना वयाची मर्यादा नाही, मग तिचीच पेन्शन पुढे चालू राहील असे सगळे धरून चालतात. तसे होत नाही. २१ नोव्हेंबर २०२४ ला ती दुसऱ्या रांगेत आली, आणि त्या रांगेत जन्माच्या क्रमाने थोरली तिच्या पुढे आहे. थोरली तेव्हा एकतीस वर्षांची होती. तिची पात्रता पाहा. आईच्या मृत्यूच्या दिवशी महागाई सवलत १२ टक्के होती, म्हणजे मर्यादा १०,०८० रुपये, आणि तिचे उत्पन्न ६,०००. नंबर लागला त्या दिवशी सवलत ५३ टक्के, मर्यादा १३,७७०, आणि तिचे उत्पन्न तोपर्यंत ८,००० झालेले. दोन्ही दिवशी अविवाहित, दोन्ही दिवशी मर्यादेच्या आत. म्हणजे २१ नोव्हेंबर २०२४ पासून पेन्शन थोरलीची. उद्या तिचे लग्न झाले किंवा कमाई मर्यादेपर्यंत गेली, तर धाकटीचा नंबर पुन्हा येतो. तेव्हाही हीच तपासणी होते.

अशा एका प्रकरणात संबंधित कार्यालयाने थोरलीचा अर्ज ‘मातेच्या मृत्यूसमयी वय २५ पेक्षा अधिक’ असा शेरा मारून परत पाठवला होता. वाद घालत बसू नका. वरच्यासारखा तारखांचा तक्ता एका पानावर करा, त्यात दोन तारखा, त्या दिवशीचे उत्पन्न आणि मर्यादा लिहा, २०१३ च्या खुलाशाची प्रत जोडा आणि कार्यालय प्रमुखांच्या नावे लेखी द्या. पोच घ्या. तोंडी ‘होत नाही’ ऐकून परत येणे हा सगळ्यात मोठा तोटा आहे.

विधवा आणि घटस्फोटित मुलींना हीच दोन तारखांची कसोटी जास्त कडक पडते. पती आई-वडिलांच्या हयातीत वारला असला पाहिजे. घटस्फोटाच्या बाबतीत, निदान न्यायालयातला अर्ज तरी त्यांच्या हयातीत दाखल झालेला हवा. २०१७ पासून निकाल नंतर लागला तरी चालतो, पण पेन्शन घटस्फोटाच्या तारखेपासून सुरू होते. आई अंथरुणाला खिळलेली असेल आणि मुलगी माहेरी येऊन राहिली असेल, तर ‘पुढे बघू’ म्हणून न्यायालयाचा अर्ज लांबणीवर टाकू नका. अर्ज दाखल केल्याची तारीख पुढे मिळवता येत नाही.

दिव्यांग अपत्याला वयाची अट नाही. कायमस्वरूपी अपंगत्वाचे प्रमाणपत्र एकदाच लागते, तात्पुरत्या अपंगत्वाचे दर पाच वर्षांनी. अपंगत्व आई-वडिलांच्या हयातीतले आहे हे कागदावर दिसू द्या, आणि उत्पन्नाचा निकष इथे वेगळा आणि सैल आहे हे लक्षात ठेवा. जुळी मुले असतील, तर पेन्शन दोघांत समान वाटली जाते.

अर्ज बँकेत देऊ नका. वडील किंवा आई ज्या कार्यालयातून निवृत्त झाले, तिथल्या कार्यालय प्रमुखांकडे तो जातो. तिथून लेखा कार्यालय, मग केंद्रीय पेन्शन लेखा कार्यालय आणि शेवटी बँक. पीपीओमध्ये, म्हणजे पेन्शन देण्याच्या आदेशात, अपत्याचे नाव नसेल, तर बँक स्वतःहून काही सुरू करणार नाही. मृत्यूचे दाखले, जन्मतारखेचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा, अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि बँक खात्याचा तपशील जोडा.

पेन्शन सुरू झाली की नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्या. लग्न ठरले किंवा नोकरी लागली, तर बँकेला त्याच महिन्यात लेखी कळवा, आणि रांगेत ज्याचा नंबर नंतर आहे त्या भावंडाचा अर्ज त्याच आठवड्यात कार्यालयात द्या. त्यासाठी तो तारखांचा तक्ता आणि प्रत्येकाच्या जन्मदाखल्याच्या साक्षांकित प्रती पहिल्या अर्जाच्या वेळीच एका पाकिटात घालून ठेवा.