फोन आपोआप टच होतोय? डिस्प्ले बदलण्याआधी या चुका टाळा

आमच्या काकूंचा फोन स्वयंपाकाच्या ओट्यावरून फरशीवर पडला. काच शाबूत होती, म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून अॅप आपोआप उघडू लागले आणि मेसेजमध्ये ‘pppp’ उमटू लागलं. घरातल्या एकाने लगेच फोन रीसेट करून दिला. काकूंचे दोन वर्षांचे फोटो गेले आणि टचचा त्रास होता तसाच राहिला.

रीसेट ही यातली सर्वांत महागडी चूक. त्याने अॅप आणि सेटिंग साफ होतात, पण काचेखालचा टचचा थर दुरुस्त होत नाही. या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक विद्युतवाहक रेषांची जाळी असते आणि बोट जवळ आलं की तिथला विद्युतभार बदलतो. पाण्याचा थेंबही तोच बदल घडवतो, म्हणून ओल्या हाताने स्क्रीन वेड्यासारखी वागते. पडल्यावर जाळीला तडा गेला किंवा तिला फोनच्या आतल्या भागाशी जोडणारी पट्टी सॉकेटमधून सैल झाली, तर फोनला कोरड्या काचेवरही स्पर्श ‘दिसत’ राहतो. म्हणून आधी शोधायचं ते एवढंच, की खोटे स्पर्श नेमके कुठे आणि कधी होतात.

त्याआधी चार्जर काढा. काही हलक्या चार्जरमधून येणाऱ्या विद्युत गोंगाटाने टच बिघडतो. चार्जिंगलाच त्रास होत असेल तर दुसरा चार्जर आणि दुसरी केबल लावून पाहा. मग फोन बंद करून काच सुती कापडाने कोरडी करा आणि टेम्पर्ड ग्लास काढा. ग्लास महाग म्हणून तो तसाच ठेवून तपासायची चूक बहुतेकजण करतात. काकूंच्या ग्लासची एक कड सुटली होती आणि तिच्याखाली भांडी घासतानाचं पाणी शिरलं होतं. ग्लास काढून पुसल्यावर निम्मा त्रास तिथेच थांबला.

उरलेला शोधायला अँड्रॉइडमध्ये एक छान सोय आहे. Settings मध्ये About phone उघडा आणि Build number वर सात वेळा टॅप करा (काही फोनमध्ये तो Software information मध्ये असतो). मग Settings मध्ये दिसू लागलेल्या Developer options मध्ये जाऊन Pointer location सुरू करा. आता प्रत्येक स्पर्शाची रेघ स्क्रीनवर उमटेल. फोन टेबलावर ठेवा, हात लावू नका आणि दोन मिनिटं बघत राहा. काकूंच्या फोनवर उजव्या कडेला एकाच उभ्या पट्टीत रेघा उमटत होत्या. कीबोर्डवर ‘p’ नेमका तिथेच येतो. मी फोन आडवा केला, स्क्रीन फिरली, पण रेघा फोनच्या त्याच कडेला राहिल्या. म्हणजे बिघाड त्या जागेच्या टचच्या थरात किंवा त्याच्या पट्टीत होता. याउलट रेघ कुठेच उमटत नसेल आणि तरीही अॅप उघडत असतील, तर फोन Safe mode मध्ये, म्हणजे आपण टाकलेले अॅप बंद ठेवून, सुरू करून पाहा. तिथे त्रास थांबला तर दोष नुकत्याच टाकलेल्या एखाद्या अॅपचा.

Display मध्ये Touch sensitivity सुरू आहे का, तेही बघा. जाड ग्लाससाठी ही सेटिंग टच तीव्र करते, त्यामुळे ओल्या काचेवर त्रास वाढू शकतो. काही फोनमध्ये हातमोज्यांसाठी वेगळा पर्याय असतो, तोही बंद करा. टच ‘कॅलिब्रेट’ करून देणाऱ्या अॅपच्या नादी लागू नका. तुटलेली रेषा ते जोडू शकत नाहीत.

खोटे स्पर्श सुरू असतानाच पासवर्ड टाकत बसणं फार धोक्याचं. चुकीचे आकडे आपोआप पडत राहतात आणि फोन लॉक होतो. आयफोनमध्ये Erase Data सुरू असेल तर दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर सगळा डेटा पुसला जातो. म्हणून त्रास सुरू झाला की बाजूच्या बटणाने स्क्रीन बंद करा, आणि तो थांबेपर्यंत पैसे पाठवण्याचं अॅप अजिबात उघडू नका. बॅकअप राहिला असेल तर ओटीजी केबलने साधा माउस जोडून बघा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर बाण दिसतो आणि फोटो बाहेर काढता येतात.

फोन पाण्यात पडला असेल तर तो तांदळात पुरू नका. तांदळाची पूड पोर्टमध्ये अडकते. फोन बंद करून, पोर्ट खाली ठेवून, हवेशीर जागी वाळवा, आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत चार्ज करू नका.

पडल्यानंतर मागचं कव्हर उचललेलं किंवा स्क्रीन कडेला वर आलेली दिसली, तर कुठलीच सेटिंग बघत बसू नका. बॅटरी फुगून आतून डिस्प्लेवर दाब देत असू शकते. फोन बंद करा, दाबू नका, चार्जिंगला लावू नका, थेट दुरुस्तीला न्या.

काकूंच्या फोनची पट्टी दुकानात उघडून परत घट्ट बसवली, तरी रेघा थांबल्या नाहीत, आणि तेव्हाच आम्ही डिस्प्ले बदलला. तुम्हीही दुकानदाराला Pointer location लावून ती जागा दाखवा आणि आधी पट्टी तपासायला सांगा.