सोलापूरच्या उन्हात गाडीचा रंग कसा ठरवावा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा सहज 42 अंशांवर जातो. म्हणून रंग शोरूमच्या दिव्यांखाली ठरवू नका. ओळखीपाळखीतून एकाच मॉडेलच्या दोन गाड्या मिळवा, एक काळी आणि एक पांढरी किंवा चंदेरी. दुपारी बारानंतर काचा बंद करून, तोंडं एकाच दिशेला ठेवून त्या तासभर उन्हात उभ्या करा. दोन्हींत हेडरेस्टच्या मागे, सावलीत, साधा थर्मामीटर टांगा.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काळ्या आणि चंदेरी गाडीची अशीच तुलना केली होती. छताच्या तापमानात 25 अंशांपर्यंत फरक पडला, आतल्या हवेत मात्र पाच-सहा अंशांचाच. कारण बरंचसं ऊन काचेतून आत येतं आणि डॅशबोर्ड तापवतं, तिथे बाहेरच्या रंगाचं काही चालत नाही. म्हणून पांढऱ्या गाडीलाही पुढच्या काचेआड सनशेड लावाच. आणि पांढऱ्या गाडीला काळं छत असलेला ड्युअल टोन घेतलात, तर फायद्याचा मोठा भाग तिथेच गेला.

आता ओरखडे पाहा. गाड्या धुऊन, सुकवून सावलीत आणा आणि मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरपा धरा. काळ्या रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतील. आपल्याकडे सकाळी धुळीवरूनच कोरडं फडकं फिरवतात, त्याचीच ही खूण. पांढऱ्यावरही ती असतात, फक्त दिसत नाहीत. माझ्या काळ्या गाडीची ती दोनदा पॉलिश करून घालवली. तिसऱ्यांदा कारागिरानेच नको म्हटलं, कारण दर पॉलिशला वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, थोडा झिजतो आणि उन्हापासून रंगाला तोच वाचवतो. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डागही काळ्यावरच जास्त उठून दिसतात.

ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशने जाणार नाही, रंग मारावा लागेल. धूळ आणि बारीक रेषा लपवण्यात चंदेरी रंग सगळ्यांत सरस आहे, पण त्यातले धातूचे कण प्रत्येक फवाऱ्यात वेगळे बसतात, त्यामुळे एकच दरवाजा रंगवला की तो वेगळा दिसतो. साधा पांढरा त्या मानाने सोपा जुळतो, पर्ल पांढरा नाही.

शेवटी जुन्या गाड्यांच्या दोन डीलरांना विचारा, हेच मॉडेल, हेच साल, फक्त रंग वेगळा, तर किती द्याल? पांढऱ्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं. लाल किंवा नारिंगी रंग आवडणारा माणूस येईपर्यंत थांबावं लागतं, आणि ते थांबणं डीलर तुमच्या किमतीतून कापतो. पर्ल पांढऱ्यासाठी आज जास्तीचे पैसे मागत असतील, तर विकताना त्यातले किती परत येतील तेही तिथेच विचारून घ्या.

माझी गाडी सात रस्त्याजवळ दिवसभर उघड्यावर उभी असते, म्हणून पुढची मी साधी पांढरी घेणार आहे. तुमची झाकलेल्या पार्किंगमध्ये राहत असेल, तर उष्णतेचा मुद्दा मागे ठेवून ओरखड्यांवरच निर्णय घ्या.